व्हीपीएन घ्यायच्या आधी हे बघा

ऑफिसच्या स्टाफसाठी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमधे यायचा सुरक्षित रस्ता, घ्यावा का हे ठरवताना आधी एक बघा, ऑफिसच्या राउटरच्या आत असं काय आहे जे बाहेरून उघडावं लागतं? तुमची मेल, शीट्स, ड्राइव्ह सगळं गुगल वर्कस्पेसवर असेल तर तो ट्रॅफिक आधीच एन्क्रिप्टेड असतो, आणि एखाद्याने फसव्या लिंकवर पासवर्ड टाकला तर चोर स्वतःच्या घरून थेट गुगलवर लॉगिन करतो, तुमचा व्हीपीएन मधे येतच नाही. तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशनच लागतं. admin.google.com मधे जाऊन ते सगळ्यांना सक्तीचं करा, नुसतं चालू ठेवलं तर बरेच लोक लावतच नाहीत. ओटीपीपेक्षा पासकी, म्हणजे फोनच्या फिंगरप्रिंट किंवा स्क्रीन लॉकने होणारं लॉगिन, बरी, कारण खोट्या साइटवर ती चालतच नाही. नोकरी सोडलेल्यांची अकाउंट पण त्याच दिवशी सस्पेंड करा.

पण टॅली ऑफिसच्या पीसीवर असेल आणि अकाउंटंट घरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरत असेल तर मात्र व्हीपीएन हवाच. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमधे ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, दिसतोय का बघा, दिसला तर आजच बंद करा, रॅन्समवेअरवाले हाच पोर्ट शोधत फिरतात. मग राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन असेल तर तो लावा, फक्त त्या एका अकाउंटंटला द्या, बाकी स्टाफला गरज नाही.