एका तव्यावर किती डबे?

प्रश्न: मी नाशिकला सिडकोत राहते. घरी दोन शेगड्यांचा गॅस, एक तवा आणि कुकर एवढेच आहे. यावर जेवणाचे डबे सुरू करता येतील का?

सुरू करता येतील. किती डबे घ्यावेत हे मात्र तवा ठरवतो. मी अंबडच्या कारखान्यांतील कामगारांना डबे देते आणि सुरुवातीला हीच गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. भाजी पाच जणांची असो वा पंधरा जणांची, पातेले मोठे घेतले की वेळ थोडाच वाढतो. पोळी मात्र एकेकच भाजावी लागते. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या साधारण बत्तीस पोळ्या होतात. लाटणारी आणि भाजणारी एकच असेल, तर प्रत्येक पोळीला दीड मिनिट धरावे. दहा डब्यांच्या चाळीस पोळ्यांना त्यामुळे तासभर लागतो. डबे साडेअकराला निघत असतील, तर सव्वादहाला पहिली पोळी तव्यावर पडली पाहिजे, कारण शेवटच्या पोळ्या निवायलाही वेळ द्यावा लागतो. गरम पोळ्या थेट डब्यात भरल्या की वाफेचे पाणी होते आणि तळाच्या पोळ्या चिकट होतात. मी त्या जाळीवर निववून फडक्यात गुंडाळते.

आमटीचे प्रमाण वाढवतानाही फसगत होते. घरच्या आमटीच्या तिप्पट करताना पाणीही तिप्पट घातले, तर ती पातळ होते, कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने पाणी कमी आटते. पाणी आधी कमी घालावे, नंतर वाढवता येते.

आता हिशेब. पहिल्या महिन्यात मी डबा सत्तर रुपयांना देत होते. किराणा आणि भाजीचे छत्तीस रुपये वजा जाता चौतीस उरतात, असे मी धरले होते. डबे पोहोचवणाऱ्या मुलाचे दहा आणि गॅसचे पाच रुपये मी मोजलेच नव्हते. प्रत्यक्षात उरले एकोणीस. दहा डबे आणि चोवीस दिवस धरले, तर हातात ८,१६० ऐवजी ४,५६० रुपये आले. त्यात कांद्याच्या जिल्ह्यात राहूनही कांदा महागला की आपलाच हात आखडतो, म्हणून ठरलेल्या दरात रोज एकच भाजी लिहून देऊ नका; ‘हंगामी भाजी’ एवढेच सांगा.

डब्यांचे दोन संच लागतात, कारण आजचा रिकामा डबा उद्याच परत येतो. अन्नसुरक्षा पाहणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेची नोंदणी करून घ्या. लहान व्यावसायिकासाठी ती सोपी आहे. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यामुळे व्यावसायिक सिलिंडरचा खर्च पहिल्यापासूनच दरात धरा.

पहिला महिना सहा डबेच घ्या. शेवटची पोळी सलग पंधरा दिवस सव्वाअकराच्या आत उतरली, तरच सातवा डबा स्वीकारा. दहाच्या पुढे जायचे झाले, तर दुसरी शेगडी पोळ्यांसाठी मोकळी ठेवून शेजारणीला पोळीमागे पैसे ठरवून बोलावणे मला परवडले.