लोणचे, तूप, लोणी आणि गूळ: फ्रिजमध्ये काय, बाहेर काय

"आई, तू दिलेलं लोणचं, तूप, गूळ सगळं मी फ्रिजमध्ये ठेवलंय. आता लोणच्याचं तेल गोठलंय आणि गूळ फुटत नाहीये. आजी तर यातलं काहीच फ्रिजमध्ये ठेवत नाही ना? मग नक्की काय आत ठेवायचं?"

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पदार्थात मोकळे पाणी किती आहे, हे आधी पाहावे. बुरशीला आणि जिवाणूंना वाढण्यासाठी पाणी लागते. ते मिठाने किंवा साखरेने बांधून ठेवलेले असेल, अथवा कढवून काढून टाकलेले असेल, तर पदार्थ बाहेर टिकतो.

तुझ्याकडे आहे ते कैरीचे मुरलेले लोणचे. त्यात किलोभर फोडींना साधारण 200 ग्रॅम मीठ आहे, कैरीचा स्वतःचा आंबटपणा आहे, आणि वर तेल आहे. तेल काही जंतू मारत नाही. ते फक्त हवा अडवते, आणि हवा मिळाली नाही की बुरशी धरत नाही. म्हणूनच फोडींच्या वर बोटभर तेल असावे असा आपल्याकडे आग्रह असतो. फ्रिजमध्ये शेंगदाण्याचे तेल घट्ट होते, फोडी उघड्या पडतात, आणि गार बरणी बाहेर काढून लगेच उघडली की आत दव धरते. शिवाय नवे लोणचे थंडीत नीट मुरत नाही, फोडी करकरीत आणि मसाला कच्चा राहतो.

तेव्हा बरणी बाहेर काढ, पण झाकण तसेच बंद ठेव. ती खोलीइतकी कोमट झाली की बाहेरून कोरडी पूस आणि मगच उघड. कोरड्या चमच्याने फोडी खाली दाब. तरीही त्या वर डोकावत असतील, तर थोडे तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून वरून ओत. गरम तेल ओतले तर फोडी मऊ पडतात. मग बरणी शेगडीपासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेव आणि रोजच्या जेवणासाठी लहान वाटीत थोडेसे काढून घेत जा. वर पांढरा किंवा हिरवट केसाळ थर दिसला, तर तेवढाच भाग काढून बाकीचे खाऊ नये, सगळे टाकून द्यावे.

सगळ्याच लोणच्यांना मात्र हा नियम लागू नाही. कैरीचा तक्कू, गाजर-फ्लॉवरचे ताजे लोणचे, मीठ कमी घातलेले कोणतेही लोणचे फ्रिजमध्येच ठेवावे आणि आठवडाभरात संपवावे. विशेष जपायचे ते लसणीला. लसणीत आंबटपणा नसतो, त्यामुळे ताजी लसूण नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवली, तर हवेविना वाढणारा एक जिवाणू तिथे घातक विष तयार करू शकतो, आणि त्याचा वासही येत नाही, चवही लागत नाही. इथे आजीचा दाखला देऊन चालणार नाही. विकतच्या बाटलीवर उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा असे लिहिले असेल, तर तेच ऐकावे, कारण त्यात मीठ किती आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

लोण्याचे सरळ आहे. विकतच्या बटरमध्येही साधारण 16 टक्के पाणी असते, आणि घरच्या पांढऱ्या लोण्यात ताकाचा अंश राहत असल्याने त्याहून अधिक; म्हणून दोन्ही फ्रिजमध्ये. खारे बटर एक-दोन दिवसांपुरते झाकून बाहेर ठेवले तर चालते, घरचे लोणी नाही.

तेच लोणी कढवले की पाणी उडून जाते, म्हणून तूप बाहेर राहते. कढताना आधी मोठा तडतड आवाज येतो, तो हळूहळू शांत होतो आणि तळाशी बेरी बदामी होते; त्याआधीच गॅस बंद केला तर पाणी राहून जाते आणि असे तूप लवकर बिघडते. गाळलेले तूप गार होईपर्यंत झाकण घट्ट लावू नये, नाहीतर वाफेचे थेंब परत आतच पडतात. तुपाचे खरे शत्रू म्हणजे ओला चमचा, ऊन आणि हवा. खवट वास आला तर ते गेले असे समजावे. तुझ्या थंड गावात ते कपाटातही थिजेल, त्यात काही बिघाड नाही.

गूळ हवेतील ओल ओढून घेतो. फ्रिजमध्ये तो दगड होतो, आणि बाहेर काढला की घाम फुटल्यासारखा ओला होतो; ती ओल तशीच राहिली की बुरशी धरते. त्याला कोरडा, घट्ट झाकणाचा डबा आणि कपाटच बरे. फार दमट उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावाच लागला, तर आधीच बारीक चिरून लहान लहान डब्यांत भर आणि एका वेळी एकच डबा बाहेर काढ. आत्ताची ढेप बंद पिशवीत ठेवून खोलीत कोमट होऊ दे, मग जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोड. नुसता चिकट झालेला गूळ आमटीला चालतो. आंबूस वास येत असेल किंवा बुडबुडे दिसत असतील तर टाकून दे.

तुझी
आई