आघात आणि सुरावट : खूण शब्दाखाली नको, शब्दाआधी

‘व्हॉइस आर्टिस्टला अनोळखी मजकूर आयत्या वेळी वाचायला द्यावा लागतो. कुठल्या शब्दावर जोर आणि कुठे सूर चढता-उतरता, हे देवनागरीत कसं दाखवायचं? आम्ही शब्द अधोरेखित करतो, तरी कधी कधी अर्थ उलटाच होतो.’

अधोरेखनाची पहिली अडचण अगदी साधी आहे. अक्षराखालची जागा आपल्याकडे मोकळी नसते. उकार, पायमोडी, ‘प्र’मधला रकार हे सगळे तिथेच राहतात आणि रेघ त्यांच्यावरून जाते. अक्षरावरही तीच गर्दी, तिथे वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. वैदिक पोथ्यांत अनुदात्ताला खाली आडवी रेघ आणि स्वरिताला वर उभी रेघ देतात, ती पद्धत उचलण्याचा मोह होतो. पण त्या खुणा एकेका अक्षराचा सूर सांगतात, वाक्यातल्या शब्दाचं वजन सांगत नाहीत. ध्वनिलिपीतली विरामाची उभी रेघही टाळलेली बरी, कारण घाईत वाचताना ती काना वाटते. ‘घर|’ हे ‘घरा’ वाचलं गेलं, तर त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही.

म्हणून खूण ओळीतच द्यावी, आघाताची शब्दाच्या आधी आणि सुराची शब्दानंतर. मी आघातासाठी ▸, थोड्या विरामासाठी /, दोन शब्द जोडून म्हणायचे असतील तर ‿ आणि सुरासाठी ↗ ↘ वापरतो. अवग्रह मात्र स्वर लांबवण्यासाठीच राहू द्यावा (‘अगंऽऽ’), आघाताला तो वापरला की वाचणारा शब्द ताणतो.

तुमचा अर्थ उलटण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, सूर मात्र सुरुवातीलाच ठरवावा लागतो. हे वाक्य पाहा :

आई रागावली म्हणून तो परतला नाही.

यातून दोन वेगळ्या घटना निघतात. एकीत आई रागावली आणि त्यामुळे तो आलाच नाही. दुसरीत तो परत आला आहे, पण येण्याचं कारण आईचा राग नव्हे. म्हणजे तो घरात आहे की नाही, हेच सुरावर ठरतं. पहिल्या अर्थासाठी :

आई रागावली म्हणून ↗ / तो ▸परतला नाही ↘

‘म्हणून’वर सूर चढतो, क्षणभर थांबा, मग दुसरा भाग स्वतःचं वजन घेऊन येतो आणि ‘नाही’वर सूर पूर्ण खाली बसतो. दुसऱ्या अर्थासाठी :

आई ▸रागावली‿म्हणून तो परतला नाही ↗

इथे मध्ये विराम नाही. सगळं वजन ‘रागावली’वर पडतं, त्यानंतरचे शब्द सपाट आणि थोडे भरभर जातात आणि शेवटी सूर किंचित वर राहतो, कारण ऐकणारा ‘मग कशामुळे?’ याची वाट पाहत असतो. पुढे ‘त्याला स्वतःलाच यायचं होतं’ असं वाक्य असेल तर हा दुसरा अर्थ पक्का. खुणा करणाऱ्याने पुढचं वाक्य वाचल्याशिवाय या वाक्याला हात लावू नये. आणि नुसतं ‘नाही’ अधोरेखित केलंत तर वाचणारा हमखास पहिल्या अर्थाकडे जाईल. जोर योग्य जागी हवा तो ‘रागावली’पाशी, तिथे पोचण्याआधी डोळ्याला दिसेल असा.

‘काही’चीही अशीच गंमत आहे. ‘मुलं / ▸काही बोलली नाहीत’ म्हणजे एक शब्दही बोलली नाहीत. ‘मुलं‿काही ▸बोलली नाहीत’ म्हणजे बोलतील असं वाटलं होतं, पण नाहीच बोलली. इथे ‘काही’ निराघात होऊन ‘मुलं’ला चिकटतं. उलट ‘तोच’, ‘आजच’ अशा शब्दांत ‘च’नेच काम केलेलं असतं, तिथे खूण देऊ नका, दिली की वाचणारा ओरडतो.

एका वाक्खंडात एकच ▸ पुरे. दोन द्यायचे ते खरा विरोध असेल तेव्हाच : ‘▸मी सांगितलं, ▸त्याने नाही.’ राग, उपहास, काकुळती यांच्यासाठी खुणा शोधत बसू नका, समासात एक शब्द लिहा. ओळींमध्ये दुप्पट अंतर ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला पेन्सिलीने स्वतःची भर घालता येते.

खुणा बरोबर आहेत का, हे पाहायला मजकूर आधी न वाचलेल्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. दुसऱ्या कोणाला, कागद न दाखवता, नुसतं ऐकायला बसवा आणि वरच्या वाक्यानंतर विचारा : ‘तो घरी आला का?’ उत्तर चुकलं तर आवाजाला बोल लावण्याआधी ‘म्हणून’च्या आगेमागे तुम्ही काय लिहिलंय ते तपासा.