२१ दिवसांत ९.२ वरून ५.६? हिशोबच लागत नाही

प्रश्न: सासरच्या ग्रुपवर चुलत सासऱ्यांनी एका पूरक कॅप्सूलचं फॉरवर्ड टाकलंय, "२१ दिवसांत मधुमेह मुळासकट". खाली आधीच्या आणि नंतरच्या रिपोर्टांचे फोटो आहेत. माझे सासरे खूश, गोळ्या बंद करू म्हणतायत. कोणाला न दुखावता ग्रुपवर काय लिहू?

उत्तर:

ग्रुपवर एक अक्षर लिहायच्या आधी सासऱ्यांना फोन करा आणि एवढंच विचारा, "आजची गोळी घेतलीत का?" मी हे उलट्या क्रमाने करणार होते, थोडक्यात वाचले.

मी दादरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं टेक्निशियन आहे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरच्या ग्रुपवर लालबागच्या भाऊजींनी असंच फॉरवर्ड टाकलं. गुडमार, जांभूळबी, दालचिनी वगैरेंची कॅप्सूल, आणि खाली दोन रिपोर्ट. मुलगा म्हणाला, "आई, 'फेक आहे' लिही आणि विषय संपव." मी टाइप करायला बसले तेवढ्यात मुलुंडच्या वन्संचा नमस्काराचा इमोजी आला, पाठोपाठ "मी मागवली". वन्संना मधुमेह होऊन ११ वर्षं झाली. फोन लावला तर कळलं की कॅप्सूल यायची होती, पण गोळ्या चार दिवसांपूर्वीच बंद. का, तर "दोन्ही एकत्र घेतलं की साखर फार उतरते, असं त्यात लिहिलंय". घरच्या मशीनवर उपाशीपोटी साखर बघायला लावली, २४७ निघाली. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळ्या परत सुरू केल्या. तुमच्या सासऱ्यांनी आधीच बंद केल्या असतील तर बुडलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम घेऊ देऊ नका, डॉक्टरांना विचारूनच पुढचं करा. ते इन्सुलिनवर असतील, किंवा साखर चढलेली असून उलट्या, पोटदुखी, धाप असं काही असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.

मग रात्री भांडी आवरून मी जो मेसेज टाकला तो जसाच्या तसा देते. आकडे तुमच्या फॉरवर्डमधले घाला, पद्धत तीच चालेल.

"भाऊजींनी पाठवलेले दोन्ही रिपोर्ट मी मोठे करून पाहिले. एचबीए१सी पहिल्यात ९.२, तारीख ३. दुसऱ्यात ५.६, तारीख २४. या तपासणीच्या जांभळ्या टोपणाच्या नळ्या माझ्या हातून रोज जातात, म्हणून लिहिते.

ही तपासणी त्या दिवशीची साखर दाखवत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशीला साखर चिकटते आणि ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण १२० दिवस. त्यामुळे २४ तारखेला काढलेल्या रक्तात कॅप्सूलच्या आधीच्या, साखर चिकटलेल्या जुन्या पेशी असणारच. या आकड्यात शेवटच्या एका महिन्याचा वाटा साधारण निम्मा असतो, उरलेला निम्मा त्याआधीच्या महिन्यांचा. इथे तर महिनाही झालेला नाही, पण कॅप्सूलला पूर्ण निम्मा वाटा देऊ.

९.२ म्हणजे सरासरी साखर साधारण २१७. ५.६ म्हणजे साधारण ११४. जुन्या महिन्यांचा वाटा २१७ च्या निम्मा, १०८.५. एकूण ११४ व्हायचे तर नव्या महिन्याच्या वाट्याला राहिले ५.५. तो निम्मा वाटा, म्हणजे त्या महिन्याची सरासरी साखर ११. वन्सं, तुमची साखर एकदा ६२ झाली होती तेव्हा घाम फुटून हात कसे थरथरत होते आठवा. ११ साखर घेऊन तीन आठवडे काढलेला माणूस रिपोर्टचा फोटो काढायला उरत नाही.

पहिल्याच दिवशी साखर ११४ झाली आणि तशीच राहिली, असं धरलं तरी २४ तारखेला आकडा ७.४ च्या आसपास यायला हवा होता. म्हणून हे दोन रिपोर्ट एकाच माणसाचे आणि या कॅप्सूलमुळे, हे मला पटत नाही. दोन्हीवर नाव खोडलेलं आहे.

वन्संच्या गोळ्या चालू आहेत. भाऊजी, तुमच्याकडे बाटली असेल तर फेकू नका, रविवारी येते, मला बघायची आहे. – आई, काकू, वहिनी, ज्याची जी असेन ती."

"फेक", "भोंदू", "शिकलेली माणसं तुम्ही" असलं काही मी लिहिलं नाही. भाऊजींना उत्तर द्यायचं झालं तर ते आकड्यांना द्यावं लागेल, मला नाही, एवढीच चलाखी. आणि खोडलेल्या नावाचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला. तो आधी टाकला असता तर "पेशंटची प्रायव्हसी असते" एवढ्यावर वाद मिटला असता.

एक पळवाट मात्र तुम्हाला माहीत हवी, कारण कोणीतरी ती काढेल. हा आकडा कधीकधी खरंच खोटा कमी येतो. मधल्या काळात खूप रक्त गेलं असेल, रक्त चढवलं असेल, किंवा रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या नुकत्या सुरू झाल्या असतील तर नव्या पेशी भरपूर येतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो. रिपोर्ट छान दिसतो, साखर होती तिथेच असते. अशा वेळी उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडे शेजारी ठेवले की विसंगती दिसते. फॉरवर्डमध्ये ते आकडे बहुधा नसतातच. आमच्याही नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने विचारलं, "काकू, पण मधुमेह रिव्हर्स होतो ना?" प्रश्न रास्त होता. टाइप-२ मध्ये, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत वजन बरंच उतरवलं तर काहींची साखर औषधाशिवाय आटोक्यात राहते, डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. पण २०२१ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेली त्याची व्याख्याच अशी आहे, की औषध बंद केल्यावर निदान तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.५ च्या खाली हवा. २१ दिवसांत ते मोजताच येत नाही. शिवाय त्या फॉरवर्डच्या तळाशी बारीक अक्षरात "भात, साखर, मैदा पूर्ण बंद, रोज ४५ मिनिटं चालणे" असं होतं. हे केलं तर कॅप्सूलच्या जागी खडीसाखर सोडून काहीही गिळा, रोजची साखर उतरलेली दिसेल.

भाऊजी दोन दिवस गप्प. मग आलं, "सरकारमान्य आहे, नंबर बघा", आणि बाटलीच्या लेबलचा फोटो. तो नंबर अन्नसुरक्षेच्या परवान्याचा, १४ आकडी. तसाच नंबर तुमच्या बिस्किटाच्या पुड्यावर आणि चिवड्याच्या पाकिटावर असतो. त्याचा अर्थ हे अन्न म्हणून बनवायला, विकायला परवाना आहे, रोग बरा होतो हे कोणी तपासलंय असा नाही. उलट २०१६ च्या नियमांपासून अशा पूरकांवर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापावीच लागते. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या जादूई उपायांविरुद्धच्या कायद्याने मुळातच मना आहे. त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. तक्रार करायची असेल तर आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन आहे, बाटली आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट दोन्ही जपून ठेवा. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. भाऊजींना सर्वांसमोर दोनदा हरवायचं कशाला?

रविवारी लालबागला गेले. चहा झाला, बाटली आली. भाऊजींनी चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरली, मी नख ठेवून ओळ दाखवली. त्यांनी ती अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचली, "नॉट फॉर मेडिसिनल यूज", आणि बाटली टीपॉयवर ठेवली. सील तुटलेलं होतं. जाऊबाई आत गेल्यावर हळूच म्हणाले, "मीच घेत होतो गं. आठ दिवस झाले. मागे कुठल्याशा कॅम्पमध्ये बॉर्डरला आहे म्हणाले होते."

तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. मी विचारलं, घाम, थरथर, एकदम भूक, चक्कर, असं काही झालं का? नाही म्हणाले. विचारण्याचं कारण असं, की असल्या कॅप्सूलने काहीच होत नाही तेव्हा मला कमी भीती वाटते, साखर झटक्यात उतरते तेव्हा जास्त. "वनस्पतीजन्य" म्हणून विकलेल्या मालात साखर उतरवणारं खरंखुरं औषध गुपचूप मिसळलेलं वेगवेगळ्या देशांत सापडलेलं आहे. २००८ मध्ये सिंगापूरला मधुमेह नसलेली १५० माणसं साखर एकदम खाली जाऊन रुग्णालयात आली, चार दगावली. लैंगिक ताकदीच्या बेकायदा गोळ्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं औषध निघालं होतं. तुमच्या सासऱ्यांनी कॅप्सूल घेऊन वर आपली नेहमीची गोळीही घेतली असेल तर हा धोका डोक्यात ठेवा. मशीनवर ७० च्या खाली आकडा आला आणि ते शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णालय.

सोमवारी सकाळी भाऊजी उपाशीपोटी आमच्या लॅबमध्ये आले. मीच रक्त काढलं. एचबीए१सी ६.१, म्हणजे ५.७ ते ६.४ या काठावरच्या पट्ट्यात. त्यांच्या डॉक्टरांनी वजन सहा किलो उतरवायला सांगितलंय आणि तीन महिन्यांनी परत तपासणी. बाटली माझ्या कपाटात आहे. ग्रुपवर त्यांनी त्यानंतर फक्त एकच गोष्ट टाकली, शिवाजी पार्कला चालतानाचा स्वतःचा फोटो, ज्यात मागे वडापावची गाडी आली आहे.