बाळंतपणाच्या रजेचं पत्र: तारीख तुम्हीच लिहा

प्रश्न: मला नववा आठवडा चालू आहे, पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करते. मॅनेजरला आत्ताच सांगावं का, पत्रात काय लिहावं, आणि सहा महिने रजा घेतली तर प्रमोशन हातचं जाईल का?

उत्तर:

डॉक्टरांनी प्रसूतीची संभाव्य तारीख लिहून दिली की पत्र देऊन टाका. बाराव्या आठवड्यापर्यंत थांबायचं असेल तर थांबा. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याची भीती जास्त असते, आणि तसं झालंच तर सगळ्या मजल्याला पुन्हा एकदा सांगत फिरणं नको वाटतं, ते मी समजू शकते. पण काम रसायनांजवळ, एक्स-रेजवळ किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं असेल तर एक दिवसही थांबू नका. पाचव्या महिन्यापर्यंत लपवणं मात्र मला अजिबात पटत नाही. पोट दिसलं की ऑफिसला कळतंच, आणि मग तुमची रजा तुमच्याआधी दुसरंच कुणीतरी आखून ठेवतं.

माझ्या बाबतीत हे होता होता राहिलं. २०१८ साली मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. डॉक्टरांनी तारीख दिली होती १५ ऑक्टोबर. माझी नणंद ठाण्याला एका कंपनीत एचआरला आहे, त्यामुळे घरात या विषयावर तिचाच शब्द शेवटचा. तिचं म्हणणं, "लेखी बिखी देऊ नकोस. कागद आला की माणसं सावध होतात. साहेबांना तोंडी सांग, गोडीत सांग." सासूबाईंचीही मान तिच्याच बाजूला हलली. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पत्राच्या दोन प्रती काढल्या आणि ऑफिसला गेले.

साहेबांनी पत्र वाचलं, हसले, ड्रॉवरमध्ये टाकलं. "अहो, तुम्ही घरच्याच. कागद कशाला?" स्वभावाने माणूस खरंच चांगला होता. मी तशीच खाली गेले, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतली आणि ती प्रत घरी नेऊन पासबुकांच्या फायलीत लावली.

जुलैत साहेब नोकरी सोडून गेले. त्यांच्या ड्रॉवरचं काय झालं देव जाणे. नवे मॅनेजर आले, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एचआरकडून मला मेल आला: कायद्यानुसार आपली रजा प्रसूतीच्या आठ आठवडे आधी, म्हणजे २० ऑगस्टपासून सुरू होत आहे. वाचायला किती काळजीचं वाटतं! बाजूच्या टेबलावरची म्हणाली, "नशीबवान आहेस, आधीच आराम."

आता हा हिशेब नीट बघा, कारण तुमच्या पत्राचा खरा गाभा हाच आहे. रजा २६ आठवड्यांची, म्हणजे रविवार आणि सणवार धरून १८२ दिवस. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. जास्तीत जास्त. आठ घ्यायलाच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. २० ऑगस्टला सुरू केली तर रजा १७ फेब्रुवारीला संपते, आणि बाळ तारखेला आलं तर त्याच्या जन्मानंतर हातात अठरा आठवडे उरतात. तीच रजा १ ऑक्टोबरला सुरू केली तर ती ३१ मार्चला संपते आणि बाळाजवळ चोवीस आठवडे मिळतात. एकूण रजा तेवढीच, पगार तेवढाच, फक्त सहा आठवडे पोटातल्या बाळाकडून बाहेरच्या बाळाकडे सरकतात.

आणि कंपनीला २० ऑगस्ट का हवा होता? मी अकाउंट्सला होते हो. १७ फेब्रुवारीला रजा संपली की १८ तारखेला मी मार्च एंडसाठी हजर!

माझ्या पत्रात "१ ऑक्टोबर २०१८ पासून रजेवर जात आहे" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. शिक्क्याची प्रत स्कॅन करून एचआरला पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली: मी लेखी कळवलेली तारीख कायम आहे, डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला सोबत जोडला आहे. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग "नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं. मी ३० सप्टेंबरपर्यंत काम केलं आणि १ एप्रिलला परत हजर झाले. तोवर मार्च एंड आटोपला होता. नव्या मॅनेजरांचं तोंड बघण्यासारखं होतं, ते असो.

तर पत्र. ते एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. कंपनीचा व्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत लिहा, मजकूर साधारण असा ठेवा:

"मी गरोदर असून डॉक्टरांच्या सोबत जोडलेल्या दाखल्यानुसार प्रसूतीची संभाव्य तारीख १५ ऑक्टोबर आहे. मी १ ऑक्टोबर ते ३१ मार्च अशी २६ आठवड्यांची प्रसूती रजा घेत आहे. या काळात मी अन्यत्र कुठेही काम करणार नाही. रजेच्या काळातले देय पैसे माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावेत. आवश्यक तर माझ्या वतीने ते स्वीकारण्यासाठी मी माझ्या पतीचं नाव देत आहे. प्रसूती आधी झाल्यास रजा त्या दिवसापासून सुरू समजावी. माझ्याकडील कामं सप्टेंबरमध्ये कोणाकडे सोपवायची ते कृपया ऑगस्टअखेर ठरवावं, म्हणजे मला ती नीट समजावून देता येतील. तपासणीसाठी महिन्यातून एखादा अर्धा दिवस लागेल, तो आधी कळवून घेईन."

यात "रजा मंजूर करावी ही नम्र विनंती" नाही, ते मुद्दाम. रजा मॅनेजरच्या मर्जीची नाही, ती कळवायची असते. विनंती करायची ती त्यांच्या हातात असलेल्या गोष्टींची: सकाळी उशिरा येणं, रजेनंतर काही दिवस घरून काम, शिफ्ट बदलणं. दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं की मॅनेजर एकावर "नाही" म्हणतो आणि ते दोन्हीवर लागू झाल्यासारखं होतं.

सोबत दाखला जोडा, सोनोग्राफीची प्रिंट नको. रिपोर्टात तुमच्या शरीराबद्दल बरंच काही असतं आणि त्याचा मॅनेजरशी काही संबंध नाही. डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक आणि संभाव्य तारीख, एवढं पुरतं. आणि पाळीवरून काढलेली तारीख पहिल्या सोनोग्राफीनंतर चार-सहा दिवस पुढेमागे सरकू शकते. ८ जानेवारीची शेवटची पाळी धरली तर १५ ऑक्टोबर येते, पण सोनोग्राफीत वेगळी आली आणि डॉक्टरांनी तीच धरली, तर दाखल्यावर आणि पत्रात तीच हवी. दोन कागदांवर दोन तारखा असल्या की एचआरला खेळायला जागा मिळते.

"रजेत फोनवर उपलब्ध राहीन" ही ओळ कुणी कितीही आग्रह केला तरी लिहू नका. नव्या मॅनेजरांनी मला सुचवली होती, "फक्त जीएसटी रिटर्नपुरतं." फक्त रिटर्नपुरतं म्हणजे दर महिन्याला, आणि टाके ओले असताना. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर कंपनीने तुमच्याकडून काम करवून घेणंच बेकायदा आहे, तुम्ही तयार असलात तरी. पासवर्ड, फायली, चालू कामांची यादी आधीच देऊन मोकळ्या व्हा.

प्रमोशनचं विचारलंत. खरं सांगू? गरोदरपणामुळे किंवा रजेत असताना कामावरून काढणं, किंवा नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या करणं कायद्याला चालत नाही. पण त्या वर्षीचं रेटिंग "सरासरी" लावून तुम्हाला मागे ठेवणं त्यांना जमतं, आणि सिद्ध करणं अवघड असतं. माझी त्या वर्षीची वाढ अर्धीच आली. एक करता येतं: रजेवर जाण्याआधी तोवरच्या कामाचं मूल्यमापन लेखी मागून घ्या. मला ते तेव्हा मिळालं नाही. तुमचा मॅनेजर बरा असेल तर मिळेल.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. वरचा २६ आठवड्यांचा हिशेब पहिल्या दोन मुलांपर्यंतचा आहे. दोन मुलं असताना पुन्हा गरोदर राहिलात तर १२ आठवडे, आणि त्यातले आधी जास्तीत जास्त सहा. संभाव्य तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. प्रोबेशनवर असल्याने हक्क जात नाही. पगार दरमहा २१,००० पर्यंत असून ईएसआय कापला जात असेल तर पैसे कंपनीकडून नाही, ईएसआयकडून येतात, त्यांचे अर्ज वेगळे भरावे लागतात. राज्य सरकारी नोकरीत १८० दिवसांचा वेगळा नियम आहे, ते आकडे इथे आणू नका. माझ्या वेळी १९६१ चा कायदा होता (२६ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीने झाले), आता त्याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत, नोव्हेंबर २०२५ पासून. म्हणून पत्रात कलमं लिहीत बसू नका, नुसतं "लागू कायद्यानुसार" लिहा. आणि हो, शेवटपर्यंत काम करणं सगळ्यांना झेपत नाही. बीपी वाढलं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, तर माझं १ ऑक्टोबरचं गणित विसरून जा. अशा आजारासाठी दाखल्यावर २६ आठवड्यांखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते.

ई-मेलने पाठवणार असाल तर स्वतःच्या खासगी पत्त्यावर बीसीसी टाका. रजेत कंपनीचं लॉगिन बंद केलं जातं, आणि नेमकं तेव्हाच जुनं पत्र लागतं.

नणंद अजून दर दिवाळीला म्हणते, "तुझं नशीब चांगलं म्हणून निभावलं." वन्सं, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. तुमच्याच ऑफिसातली ती मुलगी, जिने साहेबांना तोंडी, गोडीत सांगितलं होतं आणि जिला नंतर "आम्हाला कळवलंच नव्हतं" असं उत्तर मिळालं, तिचा किस्सा तुम्हीच मला सांगितला होतात. तिचंही नशीबच का?