निओरिअॅलिझम आणि न्यू वेव्ह: फरक कुठे दिसतो?

प्रश्न: मी फक्त आजचे सिनेमे पाहिलेत. इटलीचा निओरिअॅलिझम आणि फ्रेंच न्यू वेव्ह यांत नेमका फरक काय?

उत्तर: दोघंही स्टुडिओबाहेर पडले, पण कारणं वेगळी. दोनच सिनेमे बघ: पहिला निओरिअॅलिझमचा, दुसरा न्यू वेव्हचा.

दिग्दर्शक डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८). युद्धानंतर रोममध्ये बेकारी होती, आणि तिथला मोठा स्टुडिओ काही काळ निर्वासितांची छावणी झाला होता. नायक लाम्बेर्तो माज्योरानी हा खरोखरचा कारखान्यातला कामगार. सायकल चोरीला जाते, तिच्याशिवाय नोकरी टिकणार नाही, एवढीच गोष्ट. मधेच पाऊस येतो आणि बाप-लेक भिंतीला चिकटून नुसते उभे राहतात. आजचा एडिटर हा प्रसंग बहुधा कापेल. इथे तो प्रसंग वाट बघणंच दाखवतो. अर्थात सगळं ‘खरं’ नव्हतं: संवाद नंतर डब केले होते, माज्योरानीचा आवाजही दुसऱ्याचा.

दिग्दर्शक गोदारचा ‘ब्रेथलेस’ (१९६०) उलट, स्वतः सिनेमा असल्याचं लपवतच नाही. नायक सुरुवातीलाच थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. कॅमेरामन राउल कुतारने कॅमेरा हातात धरून शूटिंग केलं, ट्रॉलीऐवजी व्हीलचेअर वापरली. सिनेमा लांबला, तेव्हा गोदारने अख्खे प्रसंग काढण्याऐवजी शॉटच्या आतलेच तुकडे उडवले. गाडीत बसलेल्या नायिकेचं, पॅट्रिशियाचं, डोकं मागून दिसतं, बोलणं चालूच राहतं, आणि बाहेरचं पॅरिस मात्र टुणकन उडी मारून बदलतं. हाच जंप कट. यूट्यूबवरच्या व्लॉगमध्ये तू तो रोज बघतोस, म्हणून इथे धक्का बसणार नाही. १९६० मध्ये मात्र ती सरळ चूक मानली जायची.