लंबगोलावर टाकलेले ४५ अंश मोजल्यावर ३१ का भरतात?

प्रश्न: अंबडला (नाशिक) फॅब्रिकेशनचं काम करतो. लंबगोल झाकणावर ८ होल मारायचे आहेत. होलची रेषा २०० × १२० मिमीची. x = 100 cosθ, y = 60 sinθ मध्ये θ = 0, 45, 90... असे टाकत गेलो. सगळे बिंदू रेषेवर बरोबर बसले, पण कोनमापक लावला तर ४५ चा होल ३१ अंशांवर आहे आणि होलमधली अंतरंही सारखी नाहीत. गोल फ्लँजला हीच पद्धत चालते. सूत्र चुकलंय का?

उत्तर:

सूत्र बरोबर आहे, तुमचं मार्किंगही बरोबर आहे. घोळ θ चा आहे. लंबगोलाच्या सूत्रातला θ म्हणजे मध्यापासून होलकडे जाणाऱ्या रेषेचा कोन नव्हे, त्यामुळे कोनमापक लावून तो सापडणार नाही. इथून पुढे मी त्याला t म्हणतो. θ दिसला की हात आपोआप कोनमापकाकडे जातो, म्हणून.

गोल फ्लँजला अडचण का आली नाही ते आधी बघू. x = r cos t, y = r sin t मध्ये दोन्हीकडे r एकच आहे. त्यामुळे y ला x ने भागलं की r उडून जातो आणि tan t उरतो. म्हणजे बिंदूची दिशा तीच t. शिवाय वर्तुळावर समान कोन घेतले की कडेवरची अंतरंही समान पडतात. तुम्ही t टाकता, दिशा मिळते, अंतर मिळतं, आणि तिन्ही एकच आहेत असं वाटायला लागतं. वर्तुळापुरतं ते खरंच आहे. पीसीडीवर होल मारताना कुणाला यात फरक करायची गरजच पडत नाही.

लंबगोलात x ला १०० ने गुणलंय आणि y ला ६० ने. आता भागाकार केला तर y/x = 0.6 × tan t येतो. t ४५ अंश असेल तर tan t एक, म्हणून y/x ०.६, आणि ०.६ टॅन असलेला कोन ३०.९६ अंश. तुमच्या कोनमापकावरचे ३१ ते हेच.

मग ते ४५ अंश गेले कुठे? हे कागदावर काढून बघा. आयटीआयला किंवा डिप्लोमाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये दोन समकेंद्री वर्तुळांनी लंबगोल काढायची रीत शिकवतात, ती हीच. एकाच मध्यातून १०० आणि ६० त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. मध्यातून ४५ अंशांची रेघ मारा. ती मोठ्या वर्तुळाला (७०.७१, ७०.७१) वर कापते आणि लहान वर्तुळाला (४२.४३, ४२.४३) वर. मोठ्या वर्तुळावरच्या बिंदूतून सरळ खाली रेघ सोडा, लहान वर्तुळावरच्या बिंदूतून आडवी रेघ काढा. दोन्ही जिथे भेटतात तो (७०.७१, ४२.४३) हा लंबगोलावरचा बिंदू, म्हणजेच तुमचा होल. ४५ अंशांची रेघ त्याच्या वरून निघून जाते. t हा त्या रेघेचा कोन आहे. बिंदूने x मोठ्या वर्तुळाकडून घेतला आणि y लहानाकडून, त्यामुळे तो स्वतः रेघेवर राहिला नाही. अक्षांवर, म्हणजे ०, ९०, १८० आणि २७० ला, मात्र दोन्ही कोन जुळतात. तुमचे ते चार होल म्हणूनच जागेवर आहेत.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण शॉपमध्ये बहुतेक जण बिंदू बरोबर आहे का हे (x/100)² + (y/60)² = 1 वरून तपासतात. ही तपासणी फक्त बिंदू लंबगोलावर आहे एवढंच सांगते. t काहीही असला तरी cos² आणि sin² ची बेरीज एकच येणार, तेव्हा चुकीचा t सुद्धा इथे पास होतो. याचं एक भारी उदाहरण एक्सेलमध्ये मिळतं. एक्सेलचं COS रेडियन मागतं. तुम्ही सरळ `=100*COS(45)` आणि `=60*SIN(45)` लिहिलंत तर ते ४५ रेडियन समजतं आणि उत्तर (५२.५३, ५१.०५) देतं. हा बिंदू लंबगोलावर आहेच, वर त्याची दिशाही ४४.२ अंश निघते! बघणाऱ्याला वाटेल, चला, ४५ चा होल बरोबर बसला. निव्वळ योगायोग आहे. ९० टाकून बघा, लगेच उघडं पडतं: x शून्य यायला हवा, तो उणे ४४.८१ येतो. म्हणून एक्सेलमध्ये नेहमी `RADIANS()` वापरा आणि ९० ला x शून्य येतो का तेवढं बघा. फानुकच्या मॅक्रोत मात्र `COS[#1]` अंशच घेतं, तिथे हा बदल केलात तर उलटं बिघडेल.

आता खरा प्रश्न: तुम्हाला दुसरा होल नेमका कुठे हवाय? वर्तुळावर '४५ चा होल' म्हटलं की एकच जागा असते. लंबगोलावर तीन होतात.

पहिली जागा तुम्ही काढलीत ती, (७०.७१, ४२.४३). इथे t च्या पायऱ्या समान आहेत, बाकी काही समान नाही. मोजून बघा: अक्षावरच्या (१००, ०) पासून या होलपर्यंत सरळ अंतर ५१.५५ मिमी, आणि इथून वरच्या (०, ६०) पर्यंत ७२.८६. बोल्टच्या कामात एवढा फरक चालणार नाही. समान t ला अर्थच नाही असं मात्र समजू नका. मध्याशी होणाऱ्या पाकळ्यांचं क्षेत्रफळ समान t ला अगदी समान पडतं, आणि केप्लरने १६०९ मध्ये ग्रहाची कक्षा मांडताना हाच सहाय्यक वर्तुळावरचा कोन वापरला. पण झाकण घट्ट बसायला पाकळ्यांचं क्षेत्रफळ काय कामाचं?

दुसरी जागा म्हणजे खरोखर ४५ अंशांच्या दिशेत. ड्रॉइंगवर मध्यातून रेघ काढून कोन लिहिला असेल तर हीच हवी. वरचंच समीकरण उलटं वापरा: tan t = (100/60) × tan 45, म्हणजे १.६६६७, आणि त्यावरून t ५९.०४ अंश. सूत्रात टाकलं की x आणि y दोन्ही ५१.४५ येतात. दोन्ही सारखे आले म्हणजे बिंदू ४५ च्या रेषेवर आहे, वेगळी खातरजमा नको. ९० च्या पुढच्या कोनांना हे गणित परत करू नका, कॅल्क्युलेटरचं tan⁻¹ भलत्याच पावात नेऊन ठेवतं. पहिल्या पावातला बिंदू काढा आणि चिन्हं बदला.

तिसरी जागा म्हणजे कडेवरून मोजलेलं अंतर समान. ड्रॉइंगवर नुसतं `8 HOLES EQUISPACED` लिहिलेलं असेल आणि बोल्टने गॅस्केट सगळीकडे सारखं दाबायचं असेल तर बहुतेक वेळा हीच अपेक्षित असते. इथे सरळ सूत्र मिळत नाही. वर्तुळाच्या कंसाची लांबी r × t अशी झटकन निघते, पण लंबगोलाच्या कंसाच्या लांबीचं उत्तर नेहमीच्या फलांमध्ये बसत नाही, ते जवळपास मोजूनच काढावं लागतं. कारण समजायला सोपं आहे. t एक अंशाने वाढवला तर (१००, ०) पाशी बिंदू १.०५ मिमी सरकतो, आणि (०, ६०) पाशी तेवढ्याच एका अंशात १.७५ मिमी. टोकापाशी हळू, सपाट बाजूवर वेगाने.

एक्सेलमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे. A मध्ये ० ते ९० पर्यंत ०.१ च्या पायरीने t भरा, D2 मध्ये शून्य ठेवा, आणि ही सूत्रं खाली ओढा:

```
B2: =100*COS(RADIANS(A2))
C2: =60*SIN(RADIANS(A2))
D3: =D2+SQRT((B3-B2)^2+(C3-C2)^2)
```

D मध्ये कडेवरून चाललेलं अंतर जमत जातं. ९० च्या ओळीत ते १२७.६४ च्या आसपास येईल, हा पाव लंबगोल. हे बरोबर आहे का ते रामानुजनच्या १९१४ च्या सूत्रावरून पाहता येतं. त्यात परीघ π[3(a+b) − √((3a+b)(a+3b))] असा येतो. आपल्या आकड्यांना तो ५१०.५ मिमी भरतो, त्याचा पाव १२७.६. जुळलं. आठ होल म्हणजे प्रत्येक पावाच्या मधोमध एक, तेव्हा D मध्ये ६३.८२ शोधा. ते t ५१.७ च्या ओळीत सापडेल आणि शेजारी बिंदू असेल (६१.९८, ४७.०९).

बाकीच्यांसाठी वेगळं गणित नको. अक्षांवर चार होल, आणि (±६१.९८, ±४७.०९) असे चार. १२ होल असते तर प्रत्येक पावात दोन आकडे शोधावे लागले असते, एवढाच फरक.

हे समान अंतर कडेवरून मोजलेलं आहे. दोन होलमध्ये व्हर्नियर लावलात तर टोकाकडच्या जोडीत सरळ अंतर ६०.५ भरेल आणि सपाट बाजूच्या जोडीत ६३.३. टोकाला वळण जास्त, त्यामुळे तिथे सरळ रेषा कंसापेक्षा जास्त आखूड पडते. तपासणीला येणारा माणूस सरळ अंतरच मोजत असेल तर हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर जॉब विनाकारण परत येतो.

झाकण ज्यावर बसणार तो भाग आधीच कुणी ड्रिल करून ठेवलाय का, हे मार्किंगच्या आधी विचारा. असेल तर वरची चर्चा बाजूला ठेवा आणि त्यावरचा पहिला तिरका होल उभ्या अक्षापासून किती लांब आहे तेवढं मोजा. ७०.७ भरलं तर समोरच्यानेही तुमच्यासारखा t समान घेतलाय, ६२ च्या आसपास असेल तर कडेवरून अंतर समान घेतलंय, ५१.५ असेल तर कोनमापकाने ४५ घेतलेत. त्याने जे केलं असेल तेच तुमच्या झाकणावर करा, बोल्ट त्याच्याच होलमधून जाणार आहेत.